एका कलमाचे दोन देश

१९२७च्या मे महिन्यात लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांच्यापुढे एक पातळशी पुस्तिका पुरावा म्हणून आली. तिचे नाव ‘रंगीला रसूल’. तीन वर्षांपूर्वी लाहोरचेच प्रकाशक महाशय राजपाल यांनी ती छापली होती. लेखकाचे नाव कुठेही नव्हते आणि इस्लामच्या पैगंबरांच्या कौटुंबिक आयुष्याची तिच्यात टवाळी केलेली होती. पंजाबात त्या काळी आर्यसमाजी आणि मुस्लिम वादकांमधली पत्रकबाजी ऐन भरात होती. एकमेकांच्या पूज्य व्यक्तींवर चिखलफेक करणारी चोपडी दोन्हीकडून निघत आणि हातोहात खपत. या पुस्तिकेबद्दल खालच्या कोर्टाने राजपाल यांना अठरा महिन्यांची शिक्षा दिली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि दलीप सिंग यांनी तर त्यांना सोडूनच दिले.

पुस्तिका चांगली आहे असे न्यायमूर्तींचे मुळीच म्हणणे नव्हते. तिचा सूर दुष्ट आहे, मुसलमानांना ती वाचून संताप येणे साहजिक आहे, हे त्यांनी मान्य केले. अडचण कायद्याची होती. राजपाल यांच्यावर खटला होता तो दंडसंहितेच्या कलम १५३-अ खाली, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवल्याबद्दल. आज हयात असलेल्या एखाद्या समाजावरचा हल्ला या कलमात बसतो, पण शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या धर्मपुरुषावरची टीका, ती कितीही हीन असली तरी, त्यात बसत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. असल्या लिखाणाला शिक्षा व्हावी असे वाटत असेल तर कायद्यात तशी भर घाला, असेही त्यांनी सुचवले.

भर पडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कलम २९५-अ जन्माला आले. आज ते भारतातही आहे आणि पाकिस्तानातही, पण दोन्हीकडे त्याचे नशीब फार वेगळे निघाले. धर्माच्या बाबतीत ‘गुन्हा’ कोण ठरवतो, कसा ठरवतो आणि शिक्षा कोण देतो, हे समजून घ्यायला या एका कलमाचा प्रवास पुरेसा आहे.

त्याआधी थोडी वर्गवारी करावी लागेल, कारण पाखंड, धर्मत्याग आणि ईशनिंदा हे तिन्ही आरोप बोलताना नेहमी एकत्र गुंडाळले जातात. प्रत्यक्षात ते तीन निरनिराळ्या माणसांवर होतात. पाखंडी ठरवला जातो तो माणूस स्वतःला त्या धर्माचाच मानत असतो, किंबहुना आपलाच अर्थ खरा असे म्हणत असतो. बाकीचे त्याला आपला मानायला तयार नसतात. धर्मत्यागी म्हणजे धर्म सोडून गेलेला, किंवा सोडून गेला असे इतरांनी ठरवलेला. ईशनिंदेचा आरोप मात्र कोणावरही होऊ शकतो. आतल्यावर होतो, बाहेरच्यावर होतो, त्या धर्माशी काडीचाही संबंध नसलेल्यावरही होतो. म्हणून शिक्षांची तऱ्हाही निराळी असते. पाखंड्याला पंगतीत घेत नाहीत, त्याच्या अंत्यविधीला येत नाहीत. धर्मत्याग्याची वारसाहक्क, विवाह, मुलांचा ताबा अशी कौटुंबिक हक्कांची मुळे तोडली जातात. ईशनिंदेत गोष्ट थेट तुरुंगापर्यंत, कधी जिवापर्यंत जाते.

पहिल्या दोन प्रकारांत शिक्षा देणारा बहुतेक वेळा समाजच असतो, आणि महाराष्ट्राला हे नवे नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहायला गेला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण त्याचे खाणेपिणे मिशनऱ्यांच्या घरी झाले होते. वडील कोर्टात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. तरीही घराचे दार उघडले नाही. कोर्टाने मुलगा बापाला दिला, पण जातीत घ्यायचा की नाही हे कोर्टाच्या हातात नव्हते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांच्याशीही वैर धरले. अजाणत्या मुलाने दुसऱ्याच्या घरचे अन्न खाणे म्हणजे धर्मत्याग होतो का, एवढाच प्रश्न होता आणि त्यावर मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला.

राज्यसंस्थेने यात हात घातला तो १८५० सालच्या कायद्याने. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले गेले म्हणून कोणाचाही मालमत्तेवरचा किंवा वारशाचा हक्क जाणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. मिशनऱ्यांच्या सोयीसाठी केलेला कायदा म्हणून त्याच्यावर हिंदू समाजातून कडाडून टीका झाली. कायद्याने समाजाला माणूस वाळीत टाकण्यापासून अडवले नव्हते, फक्त त्या माणसाच्या घरादाराला हात लावू दिला नाही.

आता पुन्हा दंडसंहितेकडे. मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा केला. प्रत्यक्षात ती १८६० मध्ये मंजूर झाली. खुद्द इंग्लंडमध्ये तेव्हा ईशनिंदा हा गुन्हा होता, पण त्यात संरक्षण होते ते ख्रिस्ती धर्माला, आणि व्यवहारात तिथल्या राजमान्य चर्चला. दुसऱ्या कोणाच्या देवाला तिथे कायद्याचे छत्र नव्हते. हे तसेच्या तसे भारतात आणणे शक्यच नव्हते. म्हणून मसुदाकारांनी कोणताही एक धर्म पवित्र न मानता वेगळी वाट काढली. देवाच्या अपमानाऐवजी माणसाच्या मनाला होणारी इजा आणि त्यातून बिघडणारी शांतता, या दोन गोष्टी त्यांनी धरल्या. देवळात, मशिदीत नासधूस करणे, पूजा-प्रार्थनेत गोंधळ घालणे, दफनभूमीत घुसणे हे गुन्हे झाले. शेवटचे कलम २९८ होते. मन दुखावण्याच्या जाणूनबुजून ठेवलेल्या इराद्याने कोणाच्या कानावर पडेल असे बोलणे, किंवा डोळ्यांपुढे हावभाव करणे, याला एक वर्षापर्यंत शिक्षा. धर्मांवर वादविवाद करायला आडकाठी नव्हती. पण समोरच्याला बोचावे म्हणूनच केलेला अपमान शिक्षापात्र होता.

या कलमात छापील मजकुराचा उल्लेख नाही. बोललेला शब्द, आवाज, हावभाव, समोर ठेवलेली वस्तू, एवढेच त्यात आहे. पुढच्या सत्तर वर्षांत छापखाने गल्लोगल्ली झाले आणि एका पुस्तिकेने अख्खा प्रांत पेटू शकतो अशी स्थिती आली, तेव्हा ही फट उघडी पडली. राजपाल त्याच फटीतून सुटले.

निकालानंतर पंजाबात सभा, मोर्चे आणि दंगे झाले. ‘मुस्लिम आउटलुक’ या लाहोरच्या वृत्तपत्राने न्यायमूर्तींवर टीका केली म्हणून संपादक आणि मालक यांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगात जावे लागले. दरम्यान अमृतसरच्या ‘रिसाला-इ-वर्तमान’ या मासिकातल्या तशाच एका लेखाचा खटला त्याच हायकोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठापुढे गेला. ऑगस्टमध्ये त्या खंडपीठाने १५३-अ खालीच दोषींना शिक्षा दिली. म्हणजे दलीप सिंग यांना जुन्या कलमात जी जागा सापडली नाही ती इतरांना सापडली. खरे तर इथे नव्या कलमाची निकड उरली नव्हती. पण सरकारने पाऊल टाकले होते आणि रस्त्यावरचा क्षोभ शमवायचा होता, म्हणून विधेयक पुढे रेटले गेले.

मध्यवर्ती कायदेमंडळातली त्यावरची चर्चा आजही वाचण्यासारखी आहे. इतिहासकाराने एखाद्या धर्मसंस्थापकाबद्दल अप्रिय सत्य लिहिले तर? सुधारकाने आपल्याच धर्मातल्या रूढीवर कोरडे ओढले तर? महंमद अली जिना यांनीच बजावले की ऐतिहासिक संशोधन करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना या कायद्यापासून संरक्षण मिळाले पाहिजे. म्हणून कलमात ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द घातले गेले. अपमान झाला एवढे सिद्ध करून भागत नाही. धार्मिक भावना भडकवण्याचा ठरवून धरलेला वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. शिक्षा होती जास्तीत जास्त दोन वर्षे.

गंमत म्हणजे या बाबतीत भारतीय कलम इंग्लंडच्या जुन्या कायद्यापेक्षा पुढे होते, असेच म्हणावे लागेल. लंडनच्या ‘गे न्यूज’ नियतकालिकाच्या खटल्यात १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की आरोपीचा निंदेचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, मजकूर निंदनीय आहे आणि तो त्याने प्रसिद्ध केला एवढे पुरे. इंग्लंड-वेल्समधला तो कायदा रद्द व्हायला २००८ उजाडले.

राजपाल यांना कायद्याने सोडले, पण त्यांच्यावर हल्ले होत राहिले. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने दुकानात शिरून त्यांना भोसकून मारले. हायकोर्टातल्या अपिलात त्याचे वकीलपत्र जिना यांनी घेतले. साक्षीपुराव्यावर त्यांनी शंका घेतल्या आणि आरोपीचे कोवळे वय पुढे केले. अपील फेटाळले गेले. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी इल्मुद्दीनला मियाँवाली तुरुंगात फाशी झाली. लाहोरच्या मियानी साहिब कब्रस्तानात त्याचे दफन झाले तेव्हा प्रचंड गर्दी लोटली होती, आणि ‘गाझी’ म्हणून त्याच्या कबरीवर आजही लोक जातात. कोर्टाने खुनी ठरवलेला माणूस समाजाच्या एका भागासाठी हुतात्मा झाला. कायदा आणि समाज यांच्या निवाड्यात पडलेली ही फूट पुढच्या सगळ्या कहाणीत दिसते.

१९४७ मध्ये दंडसंहितेच्या दोन प्रती झाल्या. एक भारताकडे राहिली, दुसरी पाकिस्तानकडे गेली, आणि सुरुवातीला दोन्हींतला मजकूर सारखाच होता. पाकिस्तानातला पहिला मोठा वाद ईशनिंदेवरून झालाच नाही, तो पाखंडावरून झाला. अहमदिया पंथीय स्वतःला मुसलमान म्हणवतात, पण त्यांचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांच्या दाव्यांमुळे बहुसंख्य उलेमा त्यांना मुसलमान मानत नाहीत. १९५३ मध्ये त्यांच्याविरुद्ध पंजाबात दंगली उसळल्या आणि लाहोरमध्ये लष्करी कायदा लावावा लागला. चौकशीला न्यायमूर्ती महंमद मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी बसले. त्यांनी एक साधी गोष्ट केली. अहमदियांना बाहेर काढा म्हणणाऱ्या मोठमोठ्या धर्मपंडितांना एकेक करून बोलावले आणि विचारले, ‘मुसलमान कोणाला म्हणावे? व्याख्या सांगा.’

१९५४च्या अहवालात ती सगळी उत्तरे ओळीने छापली आहेत. कोणाही दोघांचे उत्तर जुळले नाही. न्यायमूर्तींनी नोंदवले की यातल्या एका पंडिताची व्याख्या धरली तर आपण त्याच्या मते मुसलमान राहतो, पण बाकी सगळ्यांच्या मते काफर होतो. पाखंडाबद्दल इतकी नेमकी कागदोपत्री नोंद क्वचितच कुठे सापडेल. सीमारेषा कुठे आहे यावर एकमत नाही, पण अमुक माणसे तिच्या पलीकडे आहेत यावर मात्र आहे.

वीस वर्षांनी राज्यसंस्थेने ती रेषा स्वतःच आखली. सप्टेंबर १९७४ मध्ये, झुल्फिकार अली भुट्टो यांच्या काळात, घटनादुरुस्तीने अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. १९८४ मध्ये जनरल झिया उल हक यांच्या अध्यादेशाने त्यापुढची पायरी गाठली. अहमदियाने स्वतःला मुसलमान म्हणवणे, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे यांना तीन वर्षांपर्यंत कैद. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा अध्यादेश उचलून धरला तेव्हा व्यापारचिन्हांचा दाखला दिला. कोका-कोला कंपनी आपले नाव दुसऱ्याला वापरू देईल का, असा तो युक्तिवाद होता. एखाद्या माणसाने स्वतःच्या श्रद्धेला काय नाव द्यावे हा प्रश्न अशा रीतीने मालकी हक्काचा झाला. पाकिस्तानात पासपोर्ट काढताना स्वतःला मुसलमान म्हणून नोंदवणाऱ्याला मिर्झा गुलाम अहमद यांना खोटे ठरवणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते. भौतिकशास्त्राचे नोबेल १९७९ मध्ये मिळवणारे अब्दुस सलाम अहमदिया होते. रबवा गावातल्या त्यांच्या कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असे कोरले होते. त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर पुसून टाकण्यात आला.

ईशनिंदेची नवी कलमे याच झिया राजवटीतली. १९८२ मध्ये २९५-ब आले. कुराणाची विटंबना केल्यास जन्मठेप. १९८६ मध्ये २९५-क आले. पैगंबरांच्या नावाची विटंबना केल्यास देहान्त किंवा जन्मठेप. १९९० मध्ये संघीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्याय इस्लामविरोधी ठरवला आणि देहान्त हीच एक शिक्षा उरली.

१९२७चे कलम आणि १९८६चे कलम शेजारी ठेवून वाचावे. जुन्या कलमात ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ आहे, नव्यात हेतूचा शब्दही नाही. उलट, बोलून, लिहून, चित्रातून, सूचकपणे, आडून, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कशाही प्रकारे विटंबना झाली तरी गुन्हा, अशी व्याप्ती आहे. ज्याला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती त्या गुन्ह्यात हेतू सिद्ध करावा लागे, आणि फाशीच्या गुन्ह्याच्या व्याख्येत त्याचा मागमूस नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे, शिक्षेच्या कठोरपणाहूनही महत्त्वाचा.

खटला चालतो तेव्हा याचा अर्थ काय होतो, हे आसिया बीबीच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. १४ जून २००९. पाकिस्तानी पंजाबातल्या इट्टनवाली गावाबाहेर काही बायका फालशाची फळे तोडत होत्या. आसिया त्यांच्यात एकटी ख्रिस्ती. उन्हात तिने पाणी आणले आणि दोघी बहिणींना देऊ केले. ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी आम्ही पिणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि शब्दाला शब्द लागला. महाराष्ट्रातल्या वाचकाला पाण्यावरून होणारी ही शिवाशिव निराळी समजावून सांगायला नको. त्या भांडणात तिने पैगंबरांबद्दल अपशब्द काढले, असा आरोप झाला. बहिणींनी गावातल्या मौलवीला सांगितले, लोक जमवले गेले, आसियाला तिथे आणले आणि तिने सर्वांसमोर कबुली दिली, असे फिर्यादीत म्हटले आहे. पोलिसांत फिर्याद नोंदली गेली ती १९ जूनला, पाच दिवसांनी.

नोव्हेंबर २०१०मध्ये जिल्हा न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर तुरुंगात जाऊन तिला भेटले आणि या कायद्याचा फेरविचार व्हावा असे बोलले. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने, मुमताज कादरीने, इस्लामाबादेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कोर्टात आणताना काही वकिलांनी कादरीवर फुले उधळली. दोन महिन्यांनी अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. २०१४ मध्ये लाहोर हायकोर्टाने आसियाची फाशी कायम केली.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने तिला निर्दोष सोडले. निकालाची सुरुवात पैगंबरांच्या सन्मानाच्या विस्तृत विवेचनाने होते आणि कायद्याला त्यात कुठेही धक्का लावलेला नाही. न्यायमूर्तींनी फक्त पुरावा तपासला, आणि तपासताच तो विरत गेला. कबुली घेतली म्हणतात ती बैठक कोणाच्या घरी झाली, यावर साक्षीदारांचे एकमत नव्हते. किती माणसे हजर होती, यावर शेकड्यापासून दोन हजारांपर्यंत आकडे आले. तिला तिथे कोणी आणि कसे आणले, हेही जुळेना. पाण्यावरून भांडण झाले, ही गोष्ट बहिणींनी आपल्या सुरुवातीच्या जबानीत सांगितलीच नव्हती. फिर्यादीला पाच दिवस का लागले, याचे पटेल असे उत्तर नव्हते. संतप्त जमावापुढे एकट्या बाईकडून वदवून घेतलेल्या शब्दांना स्वेच्छेची कबुली म्हणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. आसियाने तुरुंगात आठ वर्षांहून अधिक काळ काढला होता. पुढच्या वर्षी ती कॅनडाला गेली. तिच्या वकिलांना निकालानंतर काही दिवसांतच देश सोडावा लागला होता.

एवढा कच्चा पुरावा खालच्या दोन कोर्टांच्या नजरेतून सुटला कसा? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. १९९५ मध्ये लाहोर हायकोर्टाने सलामत मसीह या चौदा वर्षांच्या, लिहिता-वाचताही न येणाऱ्या मुलाला मशिदीच्या भिंतीवर अपशब्द लिहिल्याच्या आरोपातून सोडले. निकाल देणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांची १९९७ मध्ये त्यांच्या कचेरीत हत्या झाली. जिल्ह्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या खोलीबाहेर जमाव उभा असतो आणि त्याला त्याच गावात राहायचे असते. शिक्षा ठोठावली की त्याची जबाबदारी वरच्या कोर्टावर जाते. या खटल्यांत आणखी एक पेच असतो. नेमके काय म्हटले होते ते साक्षीदार पुन्हा उच्चारायला कचरतात, कारण उच्चारणे म्हणजे पुन्हा निंदा करणे. ज्या शब्दांसाठी माणसाला फाशी द्यायची ते शब्द कोर्टापुढे धडपणे येतच नाहीत.

पाकिस्तानने २९५-क खाली आजवर कोणालाही प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही. माणसे मारली गेली ती रस्त्यावर, तुरुंगात, कोर्टाच्या आवारात. मर्दानच्या विद्यापीठातला विद्यार्थी मशाल खान याला २०१७ मध्ये सहाध्यायांच्या जमावाने मारले. सियालकोटच्या कारखान्यातले श्रीलंकन व्यवस्थापक प्रियंथा कुमारा यांना २०२१ मध्ये कामगारांनी मारले. राज्यसंस्थेने कायदा कडक केला की लोक कायदा हातात घेणार नाहीत, असा या कायद्याच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असतो. कायद्याचे समर्थक तो मनापासून मांडतात, पैगंबरांचा सन्मान हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे यातही शंका नाही. पण गेल्या चार दशकांचा अनुभव या युक्तिवादाच्या बाजूने साक्ष देत नाही.

भारतात २९५-अ मूळ शब्दांसह टिकले. शिक्षा १९६१ मध्ये तीन वर्षांपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ‘गोरक्षक’ मासिकाच्या रामजीलाल मोदींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम घटनेत बसते असे ठरवले, पण त्याला कुंपणही घातले. धर्माचा कोणताही अपमान म्हणजे गुन्हा नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला आणि सार्वजनिक शांतता बिघडवण्याकडे झुकणारा उग्र अपमानच यात येतो. २०१३ मध्ये एका व्यापारविषयक मासिकाने महेंद्रसिंग धोनीला देवाच्या रूपात मुखपृष्ठावर दाखवले, तेव्हा त्याच्यावरही या कलमाखाली तक्रारी झाल्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खटला रद्द केला आणि नकळत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे पुन्हा सांगितले.

तरीही भारतातली स्थिती निर्धास्त म्हणावी अशी नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, पण अटकेला लागत नाही. हेतू होता की नव्हता, हा प्रश्न कोर्टापुढे यायला वर्षे लागतात, तोवर आरोपीची नोकरी, जामीन, वकिलाची फी हीच शिक्षा होऊन बसते. आणि कडक कायद्याची मागणी इथेही होते. गुरू ग्रंथसाहिबच्या विटंबनेच्या घटनांनंतर २०१८ मध्ये पंजाब विधानसभेने गुरू ग्रंथसाहिब, गीता, कुराण आणि बायबल यांच्या विटंबनेला जन्मठेप देणारे विधेयक मंजूर केले होते. डिसेंबर २०२१ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात विटंबनेच्या संशयावरून एका माणसाला जमावाने ठार मारले. तो कोण होता, कशासाठी आला होता, हे विचारायला तो उरलाच नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतात दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात २९५-अ आता कलम २९९ झाले आहे. ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द १९२७ सारखेच तिथे आहेत. धार्मिक भावना दुखावल्याच्या गुन्ह्याची पुढची बातमी वाचाल, तेव्हा कोण दुखावले गेले यापाशी थांबू नका. दुष्ट हेतूचा काय पुरावा फिर्यादीत दिला आहे, तो शोधा. तो नसेल, तर कायद्याने मागितलेली मुख्य गोष्टच त्या फिर्यादीत नाही.